अटी आधी, कागद नंतर

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही मोठा वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. बी.ए. झालो, परीक्षा दिली, नोकरी लागली आणि तेव्हापासून काउंटरच्या पलीकडे बसून माणसांचे पैसे मोजतो आहे. त्यामुळे माझ्याकडे तुम्हाला सांगण्यासारखे जे आहे ते काउंटरवरचेच आहे. चिटणीस साहेबांनी विषय दिला तो असा, की हल्ली मोबाईलवर 'पाच मिनिटांत कर्ज' देणाऱ्या ज्या वेबसाइटी निघाल्या आहेत, त्यांतली खरी कोणती आणि खोटी कोणती हे आपल्या पोरांनी ओळखावे कसे. मी त्यातला एकच धागा धरणार आहे. कर्ज देणारा तुमच्याकडे आधी काय मागतो आणि तुम्हाला आधी काय दाखवतो, हा क्रम पाहायला शिका. वेबसाइटची पारख करताना या क्रमाचा जितका उपयोग होतो, तितका दुसऱ्या कशाचा होत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा. रक्कम किती, व्याज किती, हे तो मागाहून भरायचा. अंगठा एकदा उठला की माणूस त्याच्या मुठीत गेला. आज कागदाच्या जागी मोबाईल आला आणि अंगठ्याच्या जागी आधार कार्डाचा फोटो आला, पण युक्ती तीच राहिली आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीतला एक मुलगा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव सांगत नाही, कारण तो या सभागृहातही असू शकेल. परीक्षा फी आणि खानावळीचे थकलेले बिल यासाठी त्याला पाच हजार रुपयांची गरज होती. वडिलांकडे मागायची लाज वाटली. मोबाईलवर एक जाहिरात आली, तिच्यावर बोट ठेवले, वेबसाइट उघडली. पुढे काय काय झाले ते मी त्याच्याकडून एकेक पायरी विचारून घेतले.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होते, 'पन्नास हजारांपर्यंत तात्काळ कर्ज.' व्याज कुठेच नव्हते. कर्ज देणाऱ्या कंपनीचे नावही नव्हते, फक्त वेबसाइटचे एक चटकदार नाव होते. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला. लगेच दुसरे पान आले, 'अभिनंदन, तुम्ही पात्र आहात.' वर घड्याळ लावलेले, दहा मिनिटांत अर्ज पूर्ण करा नाहीतर संधी जाईल. मग पॅन कार्डाचा फोटो, आधारच्या दोन्ही बाजूंचा फोटो, आणि कार्ड हातात धरून स्वतःचा सेल्फी. ते झाल्यावर 'पडताळणीसाठी' त्यांचे ॲप उतरवून घ्या म्हणून एक बटण. ते ॲप गूगलच्या प्ले स्टोअरवरून आलेच नाही. त्याच वेबसाइटवरून एक फाइल मोबाईलमध्ये उतरली. मोबाईलने इशारा दिला होता, की अनोळखी ठिकाणची फाइल आहे. त्याने 'तरीही पुढे जा' केले. ॲपने कॉन्टॅक्ट म्हणजे फोनमधली सगळी नावे-नंबर पाहण्याची परवानगी मागितली, तीही दिली.

आणि एवढे सगळे देऊन झाल्यावर रक्कम दिसली. कर्ज पाच हजार, मुदत सात दिवस. बटण दाबल्यावर खात्यात जमा झाले तीन हजार. दोन हजार 'सेवा शुल्क' म्हणून आधीच कापले होते.

आता हा हिशेब आपण मिळून करू. हातात आले तीन हजार. सात दिवसांनी द्यायचे पाच हजार. म्हणजे तीन हजारांवर एका आठवड्याला दोन हजारांचा खर्च, शेकडा सुमारे 67. वर्षाच्या हिशेबाने मांडले, तर दोन हजार भागिले तीन हजार, गुणिले 365, भागिले 7, म्हणजे वर्षाला जवळजवळ 3,476 टक्के. आपण ज्या सावकाराला नावे ठेवतो, तोही हे ऐकून कानाला हात लावील.

सहाव्या दिवशी फोन सुरू झाले. आधी त्याला, मग त्याच्या मावशीला, मग त्याच्या कॉलेजच्या एका सरांना. 'हा मुलगा चोर आहे, तुमचा नंबर याने जामीन म्हणून दिला आहे,' असे संदेश. सेल्फीवर घाणेरडे चित्र जोडून सगळ्यांना पाठवू, ही धमकी. मुलाने मित्रांकडून उसने घेऊन पाच हजार भरले. तर म्हणाले, हे फक्त मुदतवाढीचे झाले, मुद्दल बाकी आहे. तेव्हा तो पासबुक घेऊन माझ्या काउंटरवर आला. त्याने पासबुक पुढे केले, पण तोंडातून शब्द फुटेना. मित्रहो, पाच हजारांसाठी एका हुशार मुलाच्या चेहऱ्यावर मी जी भीती पाहिली, तिच्यामुळेच आज इथे उभा आहे.

आता प्रश्न असा, की त्याने कोणत्या पायरीवर थांबायला हवे होते? पुष्कळजण म्हणतील, फोटो मागितले तिथेच. हे अर्धे खरे आहे. कर्ज देणारी कोणतीही खरी संस्था ओळखपत्र मागणारच. आमची बँकही मागते. ग्राहकाची ओळख पटवणे आम्हाला कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय खरी संस्थासुद्धा तुमचा पॅन नंबर आणि जन्मतारीख लवकर विचारू शकते, कारण तुमची जुनी परतफेड कशी आहे हे तुमच्या संमतीने पाहिल्याशिवाय तुम्हाला नेमका व्याजदर किती लागेल ते ती सांगू शकत नाही. म्हणून केवळ पॅन नंबर विचारला एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवू नका. पण नंबर विचारणे वेगळे, आणि कार्डांचे फोटो, सेल्फी व फोनमधली माणसे एकदम मागणे वेगळे. दर ठरवायला कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या फोटोची गरज नसते. ते काम तुम्ही अटी वाचून 'मान्य' म्हटल्यानंतरचे आहे. अटींच्या आधी फोटो मागितले, तर तिथे हात आखडता घ्यावा आणि पुढची तपासणी करावी.

कॉन्टॅक्टची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यात तपासणीसुद्धा नको, तिथून परतच फिरा. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजी डिजिटल कर्जांसाठी नियम काढले आणि 8 मे 2025 रोजी ते सुधारून एकत्र केले. त्यांत स्पष्ट आहे, की कर्जाच्या ॲपने फोनमधले फोटो व फायली, कॉन्टॅक्टची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, ठिकाण यांची परवानगी ओळख पटवण्यापुरती, एकदाच, आणि तुमच्या संमतीने घेता येते. गूगलनेही 31 मे 2023 पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो पाहायला मनाई केली आहे. म्हणून तर त्या मुलाचे ॲप प्ले स्टोअरवरून न येता वेबसाइटवरून आले! कॉन्टॅक्टची यादी कर्ज मंजूर करण्यासाठी लागत नाही. ती लागते ती वसुलीच्या वेळी तुमची अब्रू चव्हाट्यावर आणायला.

इथे एक बारीक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. नुसती वेबसाइट उघडली म्हणून तिला तुमच्या फोनमधली नावे आपोआप दिसत नाहीत. तिला ती तुमच्याच हातून घ्यावी लागतात, आणि त्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, ॲपची फाइल उतरवायला लावणे. दुसरी, 'गूगलने लॉग-इन करा' म्हणून सांगणे. त्या पानावर `See and download your contacts` अशी ओळ आणि तिच्यापुढे चौकोन असेल, तर खूण केली की तुमच्या गूगल खात्यात साठलेले सगळे नंबर गेले. तिसरी वाट, काही अँड्रॉइड फोनवर वेबसाइट तुमच्यापुढे नावांची यादी उघडते आणि 'निवडा' म्हणते. त्यात सगळी नावे एकदम निवडण्याची सोयही असते. तिन्ही ठिकाणी शेवटचे बोट तुमचेच असते. म्हणजे तिन्ही ठिकाणी थांबता येते.

एखादी खरी संस्था संदर्भासाठी एक-दोन नावे हाताने लिहायला सांगते. ती त्या माणसांना विचारून द्यावीत. संदर्भ दिलेला माणूस जामीन होत नाही. जामीन व्हायला त्याची स्वतःची सही किंवा संमती लागते.

आता खरा क्रम कसा असतो ते सांगतो. करार होण्यापूर्वी तुम्हाला एक पत्रक मिळाले पाहिजे. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते ठरलेल्या नमुन्यात आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे आहे. त्यात रक्कम, मुदत, हप्ता, प्रत्येक शुल्क आणि एपीआर लिहिलेला असतो. एपीआर म्हणजे व्याज आणि सगळी शुल्के मिळून वर्षाला पडणारा खरा खर्च, टक्क्यांत. जे शुल्क या पत्रकात नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही.

एपीआर का पाहायचा, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा दहा हजारांचे कर्ज, व्याज वर्षाला 24 टक्के, बारा हप्ते. प्रक्रिया शुल्क तीनशे आणि त्यावर जीएसटी चोपन्न, असे 354 आधी कापले. हातात आले 9,646. हप्ता बसतो सुमारे 946 रुपये, म्हणजे वर्षभरात एकूण सुमारे 11,350 रुपये. व्याज 24 टक्के लिहिलेले असले, तरी एपीआर येतो सुमारे 31 टक्के. हे स्वस्त कर्ज नव्हे. पण हा आकडा आधी दिसतो, आपण त्याची दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी तुलना करू शकतो, आणि 'नको' म्हणून उठूनही जाऊ शकतो. त्या मुलाला जर 3,476 हा आकडा आधी दाखवला असता, तर त्याने कार्डाचा फोटो काढला असता का? म्हणूनच तो आकडा आधी दाखवत नाहीत.

आणि त्या घड्याळाचे काय? मुदत सात दिवस वा त्याहून अधिक असेल, तर ते पत्रक दिल्यावर कर्जदाराला विचार करायला कमीत कमी तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि तेवढे दिवस त्यातल्या अटी देणाऱ्यावर बंधनकारक असतात. सात दिवसांहून कमी मुदतीला एक दिवस मिळतो. शिवाय डिजिटल कर्ज घेतल्यावरही किमान एक दिवस असा ठेवावा लागतो, की त्या अवधीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून दंडाशिवाय मोकळे होता येते. एखादे वाजवी प्रक्रिया शुल्क आधीच पत्रकात लिहिलेले असेल, तर तेवढे मात्र कापले जाऊ शकते. तेव्हा ज्या दुकानात तीन दिवसांच्या जागी दहा मिनिटांचे घड्याळ टांगलेले आहे, तो माल कसला असेल ते तुम्हीच ठरवा.

आता तपासणी. मी स्वतः ती या क्रमाने करतो. आधी वेबसाइटवर कर्ज देणाऱ्याचे नाव शोधतो. वेबसाइट बहुधा मध्यस्थ असते. पैसे देणारी बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्त कंपनी वेगळी असते, आणि तिचे नाव लिहिलेलेच पाहिजे. नाव नाही, तर विषय तिथेच संपला. नाव असेल, तर ते rbi.org.in वरच्या यादीत पाहतो. पण एवढ्यावर थांबत नाही, कारण खोटी वेबसाइट खऱ्या कंपनीचे नाव सर्रास लावते. म्हणून त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जातो. वेबसाइटने दिलेल्या दुव्यावरून जात नाही, पत्ता वेगळा शोधून जातो. प्रत्येक कंपनीला आपले मध्यस्थ आणि ॲप यांची यादी तिथे जाहीर करावी लागते. त्या यादीत आपली वेबसाइट नसेल, तर ती त्या कंपनीची नाही असे धरून चालतो.

2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरही कर्जाच्या ॲपची यादी आहे. तीही पाहावी. मात्र ती यादी कंपन्यांनी दिलेल्या माहितीवरून बनते, ते रिझर्व्ह बँकेचे प्रशस्तिपत्रक नव्हे. यादीत नाव नाही हा धोक्याचा मोठा इशारा समजा, पण नाव आहे म्हणून पत्रक न वाचता सही करू नका. आणि 'आरबीआय मान्यताप्राप्त ॲप' असा शिक्का कोणी मिरवत असेल, तर अधिकच सावध व्हा.

शेवटी पैशांची वाट पाहतो. खरे कर्ज बँकेतून किंवा कंपनीच्या खात्यातून सरळ तुमच्या खात्यात येते, आणि हप्ताही त्या कंपनीच्याच खात्यात जातो. मध्यस्थाची फी कंपनीने द्यायची असते, कर्जदाराने नव्हे. 'आधी 999 रुपये या नंबरवर पाठवा, मग कर्ज सुटेल' असे कोणी म्हटले, तर तिथे कर्ज नाहीच. ते 999 हाच त्याचा धंदा आहे.

कोणी विचारील, की फोटो तर देऊन बसलो, आता काय? त्या मुलाबरोबर आम्ही जे केले तेच सांगतो. आधी सगळे संदेश, नंबर, व्यवहार क्रमांक आणि ॲपचे पान यांचे स्क्रीनशॉट घेतले, कारण ॲप काढून टाकले की पुरावाही जातो. मग परवानग्या बंद करून ॲप काढले. ॲप काढल्याने गेलेली यादी परत येत नाही, पण नवी माहिती जायची थांबते. गूगलने लॉग-इन केले असेल, तर myaccount.google.com वर जाऊन त्या वेबसाइटची जोडणी तोडावी. पैसे आणखी भरले नाहीत. 1930 या क्रमांकावर आणि cybercrime.gov.in वर तक्रार केली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, आणि बेकायदा कर्ज देणाऱ्यांची माहिती sachet.rbi.org.in वर नोंदवली. देणारी कंपनी खरोखर नोंदलेली असेल, तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणि कागद गेले आहेत, तेव्हा आपल्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढले आहे का हे पाहणे आले. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. आम्ही तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवायचे ठरवले. आपण मागितले नसताना खात्यात रक्कम येऊन पडली, तर ती खर्च करू नये, फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या नंबरवर परतही पाठवू नये. बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

यापेक्षा एक अवघड काम होते. मावशीला आणि त्या सरांना त्याने स्वतः फोन करून सांगितले, 'माझ्याकडून चूक झाली, तुम्हाला असे असे संदेश येतील, उत्तर देऊ नका.' सर म्हणाले, 'मला आधी का सांगितले नाहीस? फीसाठी मुदत मागता आली असती.' त्या दिवसापासून धमकीची धार गेली. पंधरा-वीस दिवसांत फोन विरळ झाले आणि मग थांबले. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. तक्रारीचा तपास अजून चालू आहे. पण वसुलीवाल्यांचे सगळे बळ त्याच्या लपवण्यात होते, हे त्याला कळले आणि मलाही कळले.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, उद्या गरज पडली आणि मोबाईलवर असे पान उघडले, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पैसे देणारा कोण आहे? सगळा खर्च धरून परत किती करायचे आहे? आणि माझ्या माणसांचे नंबर तुला कशाला हवेत? पहिल्या दोहोंची उत्तरे फोटो काढण्याआधी मिळाली पाहिजेत. तिसऱ्या प्रश्नाला खरे उत्तरच नाही, म्हणून तो प्रश्न उभा राहिला की पान बंद करायचे.

आणि एवढे करूनही मनात शंका राहिली, तर बटण दाबण्यापूर्वी तो मोबाईल घेऊन माझ्या काउंटरवर या. जेवणाची सुट्टी असली तरी चालेल. आपण दोघे मिळून वाचू.